लंकाआक्काचा नवस

पाटाचा पूल ओलांडला तेव्हा लंकाआक्काच्या उजव्या टाचेतून रक्त यायला लागलं होतं. घरून निघून दोन तास झाले होते. अजून तेवढंच चालायचं राहिलं होतं. मी म्हटलं, आक्का, जरा बसू, टाच बघू द्या. तिनं पाय आडवा करून बघितला, थुंकी लावली, अंगठ्यानं दाबलं आणि परत चालायला लागली. चपला माझ्या पायात होत्या, तिच्या नव्हत्या. नवस तिचा होता.

फाल्गुनातलं ऊन सकाळी नऊलाच चटका देतं. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंगावरून जायचे आणि रस्ताभर पाचट उडायची. आम्ही कडेच्या मातीतून चालत होतो, पण तिथं बाभळीचे काटे. डांबरावर जावं तर डांबर तापलेलं. ती अधेमधे इकडून तिकडं व्हायची.

मागून आमच्याच गावचा आदिनाथ टेम्पो घेऊन आला. त्यानं वेग कमी केला, डोकं बाहेर काढलं.

"लंकाआक्का, चपला तुटल्या का चोरल्या कुनी? बसा मागं, सोडतो."

"चालत जायचंय," मी म्हटलं. "बहिरोबाला. नवस आहे."

"आस्सं? कशाचा वो आक्का?"

लंकाआक्का म्हणाली, "लेकाच्या नोकरीचा."

"लागली का?"

"लागली."

"मग पेढे कुठं हायत? नुसतेच पाय दाखवता का आमाला?" असं म्हणून तो हसत पुढं गेला. तिच्या लेकाला नोकरी लागून पाच वर्षं झाली होती. टेम्पो दिसेनासा झाल्यावर ती म्हणाली, "बघ, पहिल्याच मानसाला खोटं बोलले. तिथं गुरव इचारील तवा काय करू?"

तिनं काय नवस बोलला होता, ते मला आठवडाभरापूर्वी कळलं होतं. पण ते सांगायचं तर आधी तिच्याबद्दल सांगायला हवं.

लंकाबाई आमच्या शेजारच्या आसाराम आबांची थोरली लेक. दिलेली श्रीरामपूरला. नवरा सुनील तिथं एका आडतीत कामाला, एक मुलगा. मी या गावात सून म्हणून आले तेव्हा ती दिवाळीला, पंचमीला माहेरी यायची, हसरी, जरा जाड, बोलण्यात तिखट. मी गावच्या अंगणवाडीत काम करते, म्हणून मला "बाई, आमाला बी शिकवा की दोन गानी" म्हणून चिडवायची. आसाराम आबा घोडेगावच्या बाजारात बैलांचे दलाल. सौदा करताना दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि त्याखाली बोटं धरून किंमत सांगायची, ही त्यांची रीत. आबा तोंडानं फार बोलत नसत. घरातही नाही. लेकीशी तर नाहीच.

आबांना पहिला झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. लंकाआक्का एका पिशवीत तीन लुगडी घालून आली. सुनील म्हणाला होता, जा, महिनाभर राहा. ती पावणेसहा वर्षं राहिली.

सुरुवातीची दोन वर्षं आबा काठी धरून अंगणात फिरायचे. दुसरा झटका आला आणि ते खाटेवरच राहिले. शेवटचे चौदा महिने नाकातून नळी. मी रोज जायचे, त्यामुळं सगळं बघितलं आहे. दर अडीच-तीन तासांनी नळीतून गाळलेलं वरण, दूध, नाचणीची पातळ पेज. आधी उशाला गोधड्या लावून माणूस अर्धा बसता करायचा, पिचकारीनं हळूहळू सोडायचं, मग पाणी सोडून नळी धुवायची आणि अर्धा तास तसंच बसतं ठेवायचं, नाहीतर पोटातलं वर येऊन छातीत उतरतं. दर दोन तासांनी कूस बदलायची. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, पिंढऱ्यांखाली घडी घालायची. तेवढं करूनही कमरेच्या खाली जखम झाली, त्यात तिचं बोट मावायचं. ती रोज सलाईनच्या पाण्यानं धुऊन गॉझ भरायची. लघवीची पिशवी ओतायची, किती झाली, रंग काय, ते बघायची. तोंडातला चिकटा बोटाला फडकं गुंडाळून काढायची. हवेची गादी होती, तिची मोटर दिवसरात्र घुं घुं करायची, आमच्या घरापर्यंत ऐकू यायची.

आबांचा डावा हात चालत होता. त्यांनी बाजारातली बोटं काढली. एक बोट दाबलं की पाणी, दोन दाबली की पोट दुखतंय, सगळा पंजा धरला की कूस बदल. आयुष्यभर लेकीशी चार शब्द न बोललेला बाप आता दिवसभर तिच्या तळहातात बोलत होता. ती म्हणायची, "आता बोलतोय बाबा, सगळं मागनंच हाय पर."

मुलाचं लग्न श्रीरामपूरला झालं. सकाळची नळी देऊन ती गेली, अक्षता टाकल्या, जेवायला न बसता आली. माझ्याकडं एकच नळी सोपवली होती.

भाऊ काकासाहेब पुण्यात कंपनीत. दिवाळीला आणि यात्रेला यायचा. मोसंबीची पिशवी, डायपरचे गठ्ठे, अर्धा दिवस. "बाबांची तब्येत सुधारल्यासारखी वाटती, आक्का," म्हणायचा. तिनं एकदा जखम उघडून दाखवली तर खोलीबाहेर गेला.

गेल्या श्रावणात ती मला म्हणाली, वहिनी, तीन तास बसशील का, बहिरोबाला जाऊन येते. जीपनं गेली, आली. मला वाटलं, बापाला बरं वाटावं म्हणून काही बोलून आली असेल. मीही घरच्या देवापुढं तेच मागत होते.

मार्गशीर्षात आबांच्या छातीत खरखर सुरू झाली. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. म्हणाले, छाती भरली आहे. नगरला न्या, मशीन लावतील, आठ-दहा दिवस जातील, पण हे यातून उठणार नाहीत. ठरवा. लंकाआक्कानं भावाला फोन केला. तो म्हणाला, "तुला योग्य वाटंल ते कर." तिनं घरीच ठेवायचं ठरवलं. ठरवणारी ती एकटीच राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारनंतर तिनं कुंपणावरून मला हाक मारली. मी गेले तेव्हा आबा गेलेले होते. हनुवटीला फडकं बांधलेलं, नळी काढलेली, डोळे मिटवलेले. ती रडत नव्हती. चुलीजवळ धुतलेली एक कपबशी पालथी घातली होती, ती मी बघितली. त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

दशक्रियेला नदीवर बरीच माणसं जमली. महाराजांनी प्रवचनात सांगितलं, अशी लेक घराघरात जन्माला यावी, या माउलीनं बापाची नाही, देवाची सेवा केली. सगळ्या बाया तिच्याकडं बघायला लागल्या. तिनं पदर तोंडात धरला होता. बाया एकमेकींना म्हणाल्या, बापाची लई माया. नंतर तिनं मला सांगितलं, ती रडत नव्हती, जांभया दाबत होती. सहा वर्षांत पहिल्यांदा उठवणारं कुणी नव्हतं आणि झोप तिला आवरत नव्हती.

त्याच दिवशी काकासाहेब पाहुण्यांना सांगत होता, "नगरला नेलं असतं तर कदाचित… पर आक्कानं घरीच ठेवायचं ठरवलं." ती पाच हातांवर बसलेली होती. तिनं ऐकलं.

मीही चूक केली. तेराव्याला मी तिच्याजवळ बसून म्हटलं, आक्का, तुम्ही पुण्यवान. आबा सुटले, तुम्हीही सुटलात, आता मनाला काही लावून घेऊ नका, तुमच्यासारखं कोण करतं. मी चांगल्या मनानं बोलले. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी उठून पत्रावळी उचलायला गेले. त्यानंतर वीस-बावीस दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

मधे ती श्रीरामपूरला जाऊन आली. आठ दिवसांत परत. सून चांगली आहे, त्यात खोट नाही. आई, तुम्ही बसा, तुम्ही लई केलंय, म्हणते. डबे दुसऱ्या फळीवर गेलेले, चहाला साखर वेगळी, सुनीलच्या औषधाच्या वेळा सुनेला पाठ. "माझ्यावाचून कुणाचंच अडंना," ती म्हणाली. "चांगलंच हाय म्हना." मग आबांचं घर आवरायचं निमित्त काढून ती परत इथं आली.

घर आवरलं काही नाही. मी रोज अंगणवाडी सुटल्यावर जायचे. ती स्वतःसाठी केलेलं वरण गाळून घ्यायची आणि मग लक्षात आलं की गाळणी तशीच धरून उभी राहायची. दर दोन तासांनी उठते म्हणाली, जाग आपोआप येते, उठून कूस बदलायला जाते तर खाट मोकळी. आणि एके दिवशी मला परत ती मोटरची घुं घुं ऐकू आली. गेले तर हवेची गादी तशीच अंथरलेली, फुगलेली, वर कुणी नाही, मोटर चालू. तिच्या आवाजाशिवाय डोळा लागत नाही म्हणाली. शेजारपाजारच्या बाया म्हणायला लागल्या, हिच्या डोक्यावर परिणाम झाला, ती गादी उचलून कुणाला तरी देऊन टाका. मला तसं करावंसं वाटलं नाही. मी म्हटलं, चालू राहू द्या. लाईट गेली की बंद होईलच. आणि मी तिथंच बसून गहू निवडायला घेतले.

त्या दिवशी मी तिची स्तुती केली नाही, की समजूतही काढली नाही. माझ्याच मनात कधीपासून पडून असलेली एक गोष्ट सांगितली. माझ्या सासूबाईंची किडनी गेली होती, चार वर्षं आमच्या घरात बिनमिठाचा स्वयंपाक व्हायचा, वेगळं शिजवायला मला सवड नसायची. त्या गेल्या, त्यांना अंघोळ घालत होते आणि माझ्या मनात आलं, आता भाजीत मीठ घालता येईल. पाणी ओतता ओतता हे मनात आलं. आजवर मी हे नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

लंकाआक्कानं सुपातनं डोकं वर केलं.

"मग घातलंस का?"

"घातलं. चौदाव्या दिवशी."

"गोड लागलं?"

"लागलं," मी म्हटलं. "आणि जेवण झाल्यावर रडले."

तिनं सुपातले चार खडे काढले. मग तिनं कपबशीचं सांगितलं.

त्या दुपारी आबा सारखा पंजा धरत होते. तिनं कूस बदलली. दहा मिनिटांत परत पंजा. परत बदलली. परत पंजा. तीन दिवस ती पाठ टेकलेली नव्हती. चौथ्यांदा त्यांनी हात धरला तेव्हा तिनं हात ओढून काढून घेतला. म्हणाली, "किती छळशील रे बाबा." आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. आमची शेळी कुंपणाचा पाला खात होती, ती बघत बसली. वीस-पंचवीस मिनिटं. आत गेली तर सगळं थांबलेलं.

"आन् माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? आता सहाची नळी न्हाई. बाप गेला असं न्हाई आलं, वहिनी. सहाची नळी न्हाई असं आलं." मग तिनं चूल पेटवली, चहा ठेवला, आणि गरम असतानाच सगळा प्यायली. सहा वर्षांत गरम चहा प्यायली नव्हती. कप धुतला. मग बापाची नळी काढली, डोळे मिटवले आणि मला हाक मारली. "लई चांगला लागला चहा," ती म्हणाली. "ते लागायला नगं हुतं."

मी तिला "त्यात काय एवढं" असं म्हटलं नाही. तिच्या लेखी ते मोठंच होतं. मी विचारलं, अजून काय? आणि ती रोज थोडं थोडं बोलायला लागली. सांगायची तेच तेच. कधी पंजा तीनदा धरला म्हणायची, कधी पाचदा. मी दरवेळी नव्यानं ऐकायचे. गादीची मोटर तिनं एक दिवस आपली आपणच बंद केली. 

पण एक गोष्ट तिला पोखरत होती. कूस बदलली असती तर बाप त्या दिवशी गेला नसता, असं तिनं धरलं होतं. माझ्या सांगण्यानं ते जाणार नव्हतं. मी तिला त्याच डॉक्टरांकडं घेऊन गेले. त्यांना आधी सांगून ठेवलं की त्या विचारतील त्याला सरळ उत्तर द्या, धीर देऊ नका. तिनं हात ओढल्याचंसुद्धा सांगितलं. डॉक्टर म्हणाले, कूस जखम होऊ नये म्हणून बदलतात. एक वेळ चुकली म्हणून माणूस जात नाही. छाती भरली की श्वास पुरत नाही, जीव घाबरतो, माणूस सारखी हालचाल मागतो, कुठल्याही कुशीवर चैन पडत नाही. तुम्ही दहा वेळा बदलली असती तरी त्यांनी अकराव्यांदा हात धरला असता. नगरला नेलं असतं तर आठ दिवस नळ्या वाढल्या असत्या. मीही घरच्या माणसासाठी तोच निर्णय घेतला असता. मग त्यांनी तिचंच बी. पी. बघितलं. इतकं वाढलं होतं की त्यांनी दोनदा पट्टा बांधला. गोळी लिहून दिली, पाठीचा फोटो काढायला सांगितला, आणि महिन्यानं या म्हणाले, बापासाठी नाही, स्वतःसाठी.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "डॉक्टरला गोड बोलायला काय जातंय." पण गोळी त्याच संध्याकाळी घेतली.

मग काकासाहेबचा फोन आला. त्याच्या बायकोच्या, रश्मीच्या आईला झटका आला होता. दवाखान्यातून घरी आणायचं होतं, नाकात नळी होती. आक्का, तू ये. बाई ठेवली तर तिला नळीतलं काय कळतंय? तुला सगळं येतं.

ती लगेच हो म्हणाली.

मला हे कळलं तेव्हा खरं सांगते, माझा राग अनावर झाला. मी म्हटलं, आक्का, तुमची पाठ सरळ होत नाही, तुम्ही हो कशाला म्हणालात? रश्मीची आई आहे ती, बघायला लेक आहे, जावई आहे.

"शिक्षा हाय ती," ती म्हणाली. "भोगून टाकते."

"कशाची शिक्षा? चहाची?"

तेव्हा तिनं नवसाचं सांगितलं. श्रावणात ती बहिरोबाला बापाला बरं वाटावं म्हणून गेलीच नव्हती. म्हणाली होती, यातनं सोडव, अनवाणी चालत येईन, पाच नारळांचं तोरण बांधीन. चार महिन्यांत बाप गेला.

"मी बापाचं मरन मागून घेतलं, वहिनी. देवाकडनं. आन् देवानं दिलं."

मी देवाचं रोज थोडंफार करते. दिवा लावते, हरिपाठ म्हणते, त्यापलीकडं मला काही कळत नाही. मी म्हटलं, देव कुणाच्या नवसावर माणूस मारत नाही.

"मग पावला पावला म्हनत्यात ते काय?"

 उत्तर असल्यासारखं काहीतरी बोलून तिला गप्प करायचं मी टाळलं, एवढंच. मी विचारलं, नवस फेडला का? नाही म्हणाली. फेडायला गेलं तर गुरव विचारणार, कशाचा नवस? तिथं अशी रीत आहे की नवस फेडणाऱ्यानं तो गुरवाला सांगायचा आणि गुरवानं तो सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असा मोठ्यानं देवाला सांगायचा, तेव्हाच तो फिटतो. लेक झाला, नोकरी लागली, बैल बरा झाला. तिचा नवस कसा सांगायचा? म्हणून तिनं नवस ठेवला बाजूला आणि पुण्याला जायचं ठरवलं. दुसऱ्या कुणाच्या आईच्या कुशी बदलून देवाचं देणं फिटेल, असा तिचा हिशोब.

मी म्हटलं, पुण्याला जायचं तर जा. मी अडवणार नाही. पण बोललेला नवस आधी फेडा. मग जे वाटेल ते करा. मी येते बरोबर.

म्हणून त्या रविवारी आम्ही चाललो होतो.

आदिनाथचा टेम्पो गेल्यानंतर तासाभरानं आम्ही एका कडुनिंबाखाली बसलो. मी भाकरी सोडली. तिनं अर्धी खाल्ली. तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. काकासाहेब. तिनं फोन कानाला लावला, पण त्याचा आवाज मोठा, मलाही सगळं ऐकू येत होतं. बुधवारी गाडी पाठवतो, सकाळी तयार राहा, येताना ती पिचकारी आणि हवेची गादी घेऊन ये, उगाच नवीन कशाला घ्यायची.

तिनं हातातला भाकरीचा तुकडा फडक्यावर ठेवला.

"ऐकू येतंय ना आक्का?"

"बुधवारी गाडी पाठवू नगं," ती म्हणाली. "माझं अजून ठरलं न्हाई."

"अगं, हो म्हणालीस ना त्या दिवशी?"

"म्हनले हुते."

"मग आता काय झालं? तुझं तिकडं काय अडलंय? तुला सवय हाय, एवढंच तर काम हाय तुला आता."

तिनं फोन कानापासून लांब धरला, थोडा वेळ त्याच्याकडं बघितलं आणि बंद केला. मला वाटलं, रडेल. ती भाकरीचे तुकडे गोळा करून मुंग्यांना टाकत बसली. "सवय हाय म्हनतो," एवढंच म्हणाली. मग उठली.

पुढचा रस्ता नदीकाठानं. तिचा पाय आता सरळ टेकत नव्हता, ती चवड्यावर चालत होती. मी तिच्या दंडाला धरलं. एकदा म्हणाली, बापानं मला कधी जवळ घेतलं न्हाई. शेवटची चार वर्षं मात्र माझा हात सोडला न्हाई. त्याचा मला राग यायचा. आन् आता हात रिकामा हाय त्याचा बी राग येतो. मी तिला तसंच चालू दिलं.

देवळात पोचलो तेव्हा आरती होऊन गेली होती. मंडपात आठ-दहा माणसं बसली होती, त्यात आमच्याच बाजूच्या दोन बाया. त्यांनी लंकाआक्काला ओळखलं. एकीनं दुसरीला सांगितलं, हीच ती आसाराम दलालाची लेक, बापाचं लई केलं हिनं. दोघी जरा सरकल्या, आम्हाला जागा केली, आणि एकीनं तर तिच्या पायाला हात लावला. लंकाआक्का अवघडून उभी राहिली.

तिनं पाच नारळांचं तोरण पिशवीतून काढलं. गुरव म्हातारा, कानानं जरा कमी. तोरण हातात घेऊन त्यानं नेहमीचंच विचारलं, "बोला बाई, कुनाचा नवस? कशाचा?"

तिनं रिकाम्या पिशवीची घडी घातली.  गुरवानं परत विचारलं, जरा मोठ्यानं. मंडपातली माणसं बघायला लागली. माझ्या मनात आलं, आता ती लेकाच्या नोकरीचं सांगेल आणि सगळे हात जोडतील. तशी ती बोलली असती तरी मी तिला दोष दिला नसता.

ती माझ्याकडं वळली.

"वहिनी, माझी जीभ उचलंना. तू सांग त्याला."

मी म्हटलं, काय सांगू? बापाला सोडव म्हणून नवस बोलला होता, असं सांगू?

"न्हाई," ती म्हणाली. "तसं नगं. तुला बी मी तेवढंच सांगितलं, ते खरं न्हाई. बापाला सोडव असं म्हनलेच न्हवते मी. मला सोडव म्हनले हुते. तसंच सांग. माझं नाव घे, आन् मोठ्यानं सांग, त्याला कमी ऐकू येतं."